वीस टक्के, पण कशाचे? किलोभर मसाल्याची किंमत ठरवण्याच्या पायऱ्या

वहिनींच्या घरी पाऊचचे गठ्ठे उतरले त्या दिवशी मी कोल्हापुरातच होतो. दोन हजार पाऊच, वर लालभडक मिरची, खाली ‘कमाल किरकोळ किंमत ₹७२० (सर्व करांसह)’. वहिनींचा हिशेब सरळ होता. किलोभर कांदा-लसूण मसाला दुकानदाराला सहाशेला द्यायचा, दुकानदार वीस टक्के मार्जिन मागतोय, सहाशेचे वीस टक्के एकशेवीस, झाले सातशेवीस. पहिला माल गेला आणि दुकानदाराकडून हिशेब आला तेव्हा किलोचा दर निघाला ५७६.

“भावजी, यानं किलोमागं चोवीस रुपये खाल्ले बघा.”

खाल्ले कुणीच नव्हते. दुकानदाराने ७२० चे वीस टक्के, म्हणजे १४४ रुपये, आपल्याकडे ठेवून उरलेले दिले होते. वहिनींनी वीस टक्के लावले खालच्या आकड्यावर, त्याने वरच्या. खालच्या आकड्यावर, म्हणजे खर्चावर किंवा खरेदीवर, लावलेल्या टक्क्याला मार्कअप म्हणतात आणि वरच्या, विक्रीच्या आकड्यावरच्या टक्क्याला मार्जिन. बाजारात मात्र दोन्हीला सर्रास ‘मार्जिन’च म्हटलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. शिवाय ही चूक स्टिकरने झाकता येत नाही. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार छापलेली एमआरपी कमी करणारं स्टिकर चालतं, वाढवणारं चालत नाही.

नव्याने माल विकायला काढणाऱ्यांसाठी वहिनींचाच हिशेब पहिल्यापासून मांडतो. आकडे त्यांच्या वहीतले, सोयीसाठी गोळाबेरीज केलेले. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: किलोला पडतात किती, ते काढा

एका घाण्याला लागणारा जिन्नस असा: मिरची दहा किलो, २,८०० रुपये. खोबरं, धणे, तीळ मिळून १,०१०. लवंग, दालचिनी, दगडफूल वगैरे खडा मसाला ७५०. कांदा आणि लसूण ४२०. तेल-मीठ १५०. एकूण ५,१३० रुपये आणि काट्यावर पावणेचोवीस किलो वजन.

इथे बहुतेक नवखे ५,१३० ला पावणेचोवीसने भागतात आणि किलोला २१६ रुपये पडले असं लिहितात. पण मिरचीचे देठ निघतात, उन्हात आणि भाजताना ओल उडते, चार किलो कांदा तळून मूठभर होतो, थोडी पूड डंकात राहते. वहिनींच्या हातात येतो १९ किलो मसाला. म्हणून भागायचं १९ ने, आणि किलोला पडतात २७० रुपये. किंमत ठरवण्याआधीच ५४ रुपयांचा फरक! तयार मालाचं वजन अंदाजाने धरू नका. तीन घाण्यांचं लिहून ठेवा आणि सरासरी घ्या.

मग किलोमागचा बाकीचा थेट खर्च. डंकावरचं कांडप ३०, निवडायला-भाजायला येणाऱ्या बाईंची मजुरी २०, गॅस ५, पाऊच आणि खोकं १५, दुकानापर्यंतची वाहतूक १०. हे झाले ८०. जिन्नस धरून ३५०.

राहिला तो खर्च, जो मसाला विकला काय, न विकला काय, दर महिन्याला होतोच. गाळ्याचं भाडं ४,०००, वीज-फोन-परवाना आणि किरकोळ २,०००, आणि वहिनींचा स्वतःचा पगार ९,०००. शेवटचा आकडा लिहायला त्या तयार नव्हत्या. “मी घरचीच की, मला कसला पगार?” पण उद्या त्या आजारी पडल्या तर जागी बाई ठेवावी लागेल आणि ती फुकट येणार नाही. पगार खर्चात धरला नाही तर तो नफ्यातून निघतो, आणि भांडवलाने काही कमावलं की आपण आपल्याच मजुरीला नफा म्हणत होतो, हे कधीच कळत नाही.

महिन्याचे हे १५,०००. विक्री महिन्याला १०० किलो, म्हणजे किलोमागे १५०. एकूण पडते किंमत ३५० अधिक १५०, बरोबर ५००.

पायरी २: परतावा आधी रुपयांत ठरवा

‘किती टक्के चढवू?’ हा प्रश्न लोक पहिला विचारतात. तो दुसरा विचारायचा. आधी विचारा की या धंद्यात पैसे किती अडकलेत आणि त्यांनी वर्षाला किती रुपये आणायला हवेत.

मसाल्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे मिरचीत अडकतात. नवी मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येते, तेव्हाच वर्षाची भरायची, कारण पावसाळ्यात भाव चढतो आणि ओल लागलेल्या मिरचीला बुरशी धरते. वर्षाला बाराशे किलो मसाल्याला सव्वासहाशे किलोंच्या वर मिरची लागते, तिचे झाले सुमारे १,८०,००० रुपये. दुकानदारांची दीड महिन्याची उधारी ९०,०००. कढया, काटा, पाऊच सील करायचं यंत्र, मांडण्या ८०,०००. बाकीचा जिन्नस आणि पाऊचचा साठा ५०,०००. एकूण चार लाख. मिरचीचा साठा वर्षभरात कमी होत जातो, म्हणून काही हिशेबनीस त्याची निम्मी रक्कम धरतात. मी पूर्ण धरतो, कारण मोकळा होत जाणारा पैसा पुढच्या हंगामासाठी बाजूलाच ठेवावा लागतो, तो दुसरीकडे लावता येत नाही.

या चार लाखांवर वहिनींना ३० टक्के परतावा हवा होता. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण मुदत ठेव काही न करता व्याज देते, इथे मिरची सडण्याची, उधारी बुडण्याची जोखीम आहे आणि पुढच्या वर्षी जास्त मिरची भरायची तर तो पैसाही यातूनच यायचा. चार लाखांचे ३० टक्के म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये. बाराशे किलोंवर वाटले तर किलोमागे १००.

आता किंमत आपोआप निघाली. पडतात ५००, परताव्याचे १००, दुकानदाराकडून वहिनींच्या हातात यायला हवेत ६००.

या शंभर रुपयांकडे जरा थांबून बघा. भांडवलावर मोजले तर ते ३० टक्के परताव्यातून आले. खर्चावर, म्हणजे ५०० वर, मोजले तर २० टक्के मार्कअप. विक्रीवर, म्हणजे ६०० वर, मोजले तर १६.६७ टक्के मार्जिन. नोट तीच, टक्के तीन. दोघंजण ‘वीस टक्के’ म्हणतात तेव्हा एकाच रकमेबद्दल बोलत असतील असं धरून चालू नका. ‘कशावर?’ एवढं विचारा. माझ्या वहीत टक्क्याशेजारी ‘ख’ किंवा ‘वि’ लिहिल्याशिवाय मी आकडा पुढे नेत नाही.

पायरी ३: एका टक्क्यातून दुसऱ्यात जायला शिका

मार्कअप ठाऊक असेल तर खर्चाला गुणायचं. ५०० वर २० टक्के चढवले, ६००. मार्जिन ठाऊक असेल तर गुणायचं नाही, भागायचं. विक्रीचे २० टक्के आपले असतील तर उरलेले ८० टक्के म्हणजे खर्च. ५०० हे किमतीचे ८० टक्के, म्हणून ५०० ला ०.८० ने भागायचं. उत्तर येतं ६२५. पडताळा घ्या: ६२५ चे २० टक्के १२५, वजा केले की ५००.

स्प्रेडशीटमध्ये खर्च `B1` मध्ये आणि टक्का `B2` मध्ये `20%` असा, चिन्हासह, ठेवलात तर:

```
=B1*(1+B2)     मार्कअपवरून किंमत
=B1/(1-B2)     मार्जिनवरून किंमत
```

तोंडी हिशेबाला अपूर्णांक सोपे पडतात. खर्चावर चौथा हिस्सा चढवला तर तो विक्रीचा पाचवा हिस्सा होतो. तिसरा चढवला तर विक्रीचा चौथा. निम्मा चढवला तर विक्रीचा तिसरा. खर्चाएवढाच चढवला तर विक्रीचा निम्मा. खालचा अंक दर वेळी एकाने वाढतो, कारण विक्रीत खर्चाचे तुकडे असतातच आणि त्यात नफ्याचा एक तुकडा मिळवलेला असतो. यावरून आणखी एक गोष्ट कळते: मार्कअप शंभराच्या पुढे कितीही जाऊ शकतो, मार्जिन मात्र शंभराला कधीच पोचत नाही. कुणी १२० टक्के मार्जिन सांगितलं तर तो मार्कअपच बोलतोय.

टेबल कॅल्क्युलेटरवर जरा सावध. मोबाइलवर ५०० + २० % दाबलं की ६०० येतात. कॅसिओच्या अनेक टेबल कॅल्क्युलेटरवर हेच केलं तर ६२५ येतात, कारण तिथे अधिक आणि टक्का यांचा अर्थ ‘विक्रीवर इतके टक्के नफा राहील अशी किंमत’ असा धरलेला आहे. तुमचं यंत्र कुठलं ते एकदाच तपासून घ्या. १०० + २५ % दाबा. १२५ आले तर ते मार्कअप करतं, १३३.३३ आले तर मार्जिन.

पायरी ४: दुकानदाराचा टक्का वर चढवा

दुकानदार जवळजवळ नेहमी एमआरपीवर बोलतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. त्याच्या गल्ल्यात विक्रीचा पैसा येतो, खरेदीचा नाही. भाडं, पगार, वीज हे सगळं तो विक्रीशीच ताडून बघतो. म्हणून त्याच्या वीस टक्क्यांसाठी ६०० ला ०.८० ने भागायचं. एमआरपी हवी ७५०. वहिनींनी ७२० छापली, म्हणून त्यांना ५७६ मिळाले आणि किलोमागचे १०० रुपये ७६ वर आले. वर्षाच्या बाराशे किलोंवर हे २८,८०० रुपये होतात आणि चार लाखांवरचा परतावा ३० वरून २२.८ टक्क्यांवर येतो. खर्च एक रुपयाने वाढला नव्हता, विक्रीही घटली नव्हती.

यात कराचा एक फाटा आहे. वहिनींची उलाढाल सात-साडेसात लाखांची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून त्यांच्या बिलात कर नाही. पण दुकानदार नेहमीच्या पद्धतीने कर भरणारा असेल तर एमआरपीमधल्या ५ टक्के कराचा बोजा त्याच्यावर येतो. ७५० मध्ये असे ३५.७१ रुपये दडलेले असतात आणि वहिनींनी कर लावलेलाच नसल्यामुळे त्याला वजावट मिळत नाही. त्याच्या हातात मग १५० ऐवजी ११४ राहतात. असा दुकानदार म्हणतो, “मार्जिन कराआधीच्या किमतीवर धरा.” तसं ठरलं तर ७५० ही कराआधीची किंमत झाली, त्यावर ५ टक्के मिळवून एमआरपी ७८७.५०. पाऊच छापायला टाकण्याआधी दुकानदाराला एवढं विचारून घ्या: तुमचे वीस टक्के छापील किमतीवर की कर वजा करून?

पायरी ५: गृहीतकं हलली की किंमत पुन्हा मांडा

खर्चावर टक्का चढवायच्या पद्धतीचा खरा कच्चा दुवा आहे तो महिन्याचा १५,००० चा खर्च. किलोमागे १५० हा आकडा फक्त १०० किलो खपले तरच खरा. ७५ किलोच खपले तर तो २०० होतो, पडते किंमत ५५० होते आणि ६०० च्या विक्रीत ५० रुपयेच राहतात. वर्षाचे १,२०,००० ऐवजी ४५,०००. या क्षणी वही सांगते की परतावा राखायचा तर भाव ६८३ करा. ऐकू नका. खप कमी झाला म्हणून भाव वाढवला तर खप आणखी कमी होतो आणि पुढच्या महिन्यात वही त्याहून मोठा आकडा सांगते. दर तीन महिन्यांनी किती किलो गेले ते मोजा. खप सलग दोन तिमाही कमी राहिला तर भाव सोडा आणि दुकानं वाढवायची की महिन्याचा खर्च कापायचा ते बघा.

सवलतीचंही असंच. दुसऱ्या एका दुकानदाराने दिवाळीआधी वहिनींना ‘दहा टक्के स्कीम’ मागितली. त्यांनी मनात धरलं की वीसमधले दहा गेले, दहा राहिले. प्रत्यक्षात ६०० चे दहा टक्के ६० रुपये जातात, शंभरातले चाळीसच उरतात. सूट विक्रीवर मोजतात आणि वहिनी नफा खर्चावर मोजत होत्या, पुन्हा तोच घोळ. सूट देऊन खप वाढेल हे खरं, पण किती वाढायला हवा? थेट खर्च ३५० असल्यामुळे ६०० ला विकताना किलोमागे २५० सुटतात, ५४० ला १९०. जेवढ्यास तेवढं राहायलाही महिन्याला १०० ऐवजी साधारण १३२ किलो खपायला हवेत, आणि त्या जास्तीच्या मालाला लागणारी मिरची फेब्रुवारीत भरलेली नाही. वहिनींनी स्कीम नाकारली, त्याऐवजी रोख पैशावर किलोमागे दहा रुपये सोडले. उधारी कमी झाली की अडकलेलं भांडवलच कमी होतं, त्यामुळे हा सौदा मला पटला.

मिरची महागली की काय करायचं, हा यातला सगळ्यात चांगला प्रश्न. समजा पुढच्या हंगामात मिरचीमुळे पडती किंमत ५०० ची ५५० झाली. मार्कअपवाला म्हणेल, वीस टक्के चढवा, ६६०. साधा माणूस म्हणेल, आपले शंभर राखा, ६५०. दोघंही मूळ हिशेबाकडे परत गेलेले नाहीत. किलोमागे ५० रुपये महाग मिरची बाराशे किलोंसाठी आगाऊ भरायची म्हणजे आणखी ६०,००० रुपये अडकले. त्यांचे ३० टक्के १८,०००, किलोमागे १५. म्हणून ५५० अधिक १०० अधिक १५, हवेत ६६५. या वेळी मार्कअपचं उत्तर थोडक्यात चुकलं. पण तीच ५० रुपयांची वाढ मजुरीत आणि कांडपात झाली असती, जिथे पैसे महिनोन्‌महिने अडकत नाहीत, तर ६५० च्या आसपासचं उत्तर बरोबर ठरलं असतं. टक्क्याला खर्च कुठे वाढला हे दिसत नाही.

पायरी ६: बाजाराला विचारा

वर काढलेली ७५० ही वहिनींना हवी असलेली किंमत. गिऱ्हाईक ती देईलच असं नाही. त्यांच्याच फळीवर शेजारी ठेवलेला, तेवढ्याच नावाजलेला मसाला ७४० ला होता आणि वहिनींना त्याच्या वर जायचं नव्हतं. मग हिशेब वरून खाली करायचा. ७४० चे ८० टक्के ५९२. त्यातले परताव्याचे १०० बाजूला काढले की खर्चाला उरतात ४९२. आठ रुपये कुठून तरी वाचवायचे.

वहिनींनी आधी पाऊच पातळ करायचा विचार केला, पण मसाल्यातलं तेल बाहेर झिरपतं म्हणून सोडून दिला. मग एकदा डंकावर त्या स्वतः शेवटपर्यंत थांबल्या. चाळल्यावर चाळणीवर उरणारा जाडसर भाग तिथेच टाकून दिला जात होता. त्यांनी तो घरी आणून वजन केलं, दर घाण्याला सहाशे ग्रॅमच्या आसपास भरला. आता तो पुढच्या घाण्यात पुन्हा कांडायला जातो. १९ किलोंच्या जागी १९.६ किलो मसाला निघतो, जिन्नस किलोला २७० ऐवजी २६२ रुपयांना पडतो, आणि नव्या पाऊचवर ७४० छापलंय.